पाच वस्तू आणायच्या कुठून?

एम.एस्सी.च्या वर्गात सिलोची प्रमेयं शिकवून झाली की मी फळ्यावर एक आकडा लिहितो: ६०. साठ घटकांचे ग्रुप एकूण तेरा प्रकारचे आहेत. त्यांतल्या बारांमध्ये कुठला ना कुठला छोटा नॉर्मल सबग्रुप सापडतोच, म्हणजे ते ग्रुप आतून फुटतात. तेरावा फुटत नाही. एककाचा एकट्याचा सबग्रुप आणि स्वतः संपूर्ण ग्रुप, यांपलीकडे त्यात नॉर्मल सबग्रुप नाही. अशा ग्रुपला सिंपल म्हणतात. हा तेरावा म्हणजे A₅. पाच वस्तूंची जागाबदल करण्याच्या एकूण १२० रीती. त्यांपैकी ज्या दोन-दोन वस्तूंच्या सम संख्येच्या अदलाबदलींनी साधतात, त्या ६० रीतींचा हा ग्रुप.

सिद्ध काय करायचं, तर साठ घटकांचा कुठलाही सिंपल ग्रुप G आणा, तो A₅च निघतो. फार तर घटकांची नावं वेगळी असतील. विधान समजायला वेळ लागत नाही. पण खडू हातात घेऊन फळ्यापाशी आलेला विद्यार्थी पहिल्याच ओळीला थांबतो. A₅ मध्ये पाच वस्तू आहेत आणि G मध्ये एकही नाही. G म्हणजे नुसता साठ ओळींचा गुणाकाराचा तक्ता. या तक्त्यातून पाच वस्तू काढायच्या कुठून?

वस्तू मिळवायची एक खात्रीची जागा आहे: कोसेट. G चा एखादा सबग्रुप H घ्या. त्याच्या कोसेटची संख्या, म्हणजे इंडेक्स, n असू द्या. G मधल्या कुठल्याही घटकाने डावीकडून गुणलं की हे n कोसेट एकमेकांच्या जागा घेतात, म्हणून G चा प्रत्येक घटक n वस्तूंचं एक परम्युटेशन ठरतो. जे घटक एकही कोसेट हलवत नाहीत त्यांचा कर्नल नेहमी नॉर्मल असतो. G सिंपल असल्यामुळे कर्नल एक तर संपूर्ण G असेल, नाही तर नुसतं एकक. संपूर्ण G असणं शक्य नाही, कारण n एकाहून मोठा असेल तर कोणता तरी घटक कोसेट हलवतोच. म्हणजे G जसाच्या तसा Sₙ मध्ये जाऊन बसतो, आणि मग ६० ने n! ला भाग जायलाच हवा.

आता २! म्हणजे २, ३! म्हणजे ६ आणि ४! म्हणजे २४. यांतल्या एकालाही ६० ने भाग जात नाही. म्हणून G मध्ये इंडेक्स २, ३ किंवा ४ चा सबग्रुप असूच शकत नाही. पुढची सगळी सिद्धता या एका मनाईवर चालते. ती फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवावी, कारण ती पुन्हा पुन्हा लागते.

इंडेक्स ५ चा सबग्रुप मात्र सापडला तर काम झालंच. G मग S₅ मध्ये बसतो. इथे बरीच मुलं घाई करतात: S₅ मध्ये १२०, G मध्ये ६०, A₅ मध्येही ६०, म्हणून दोन्ही एकच. १२० चा अर्धा भाग एवढ्यावरून तो नेमका कोणता अर्धा हे कळत नाही. ते दाखवावं लागतं. समजा G मध्ये एक जरी विषम परम्युटेशन असेल, तर त्यातली सम परम्युटेशन बरोबर अर्धी, म्हणजे ३० भरतात. त्यांचा मिळून इंडेक्स २ चा सबग्रुप होतो, आणि चौकटीत तर त्याला मनाई आहे. म्हणजे G मधलं झाडून सगळं समच. साठ घटक साठ जागांच्या A₅ मध्ये बसले, एकही जागा उरली नाही.

तर शोध आहे बारा घटकांच्या सबग्रुपचा. इथे सिलो उपयोगी पडतो. ६० = ४ × ३ × ५. पाच घटकांच्या सबग्रुपची संख्या १२ ला भागणारी आणि ५ ने भागल्यावर बाकी १ उरणारी हवी: १ किंवा ६. एकच असेल तर तो नॉर्मल ठरतो, म्हणून सहा. असे कुठलेही दोन फक्त एककात भेटतात, म्हणून ऑर्डर ५ चे घटक ६ × ४ = २४. तीन घटकांच्या सबग्रुपची संख्या १, ४ किंवा १० येते. १ चालत नाही. ४ असतील तर त्यांतल्या एकाच्या नॉर्मलायझरचा इंडेक्स ४ येतो, तोही चौकटीने बाद. राहिले दहा, आणि ऑर्डर ३ चे घटक २०. एककासह हिशेब ४५ पर्यंत आला. उरले फक्त १५ घटक.

चार घटकांच्या सबग्रुपची संख्या १, ३, ५ किंवा १५. पहिल्या दोन वरच्यासारख्याच कारणाने जातात. ५ असतील तर कुठल्याही एकाचा नॉर्मलायझर इंडेक्स ५ चा, म्हणजे बारा घटकांचा. हवा होता तो सबग्रुप मिळाला, काम संपलं.

राहिली १५ ची शक्यता. वर्गात खरा वेळ इथे जातो. पंधरा सबग्रुप, प्रत्येकात एकक सोडून तीन घटक. सगळे एकमेकांपासून अलग असते तर ४५ घटक लागले असते, आणि हातात आहेत १५. तेव्हा कुठले तरी दोन सबग्रुप, P आणि Q, एककाखेरीज आणखी एका x मध्ये भेटतातच. मुलांचा पहिला विचार असा, की हिशेब बसत नाही म्हणजे विसंगती मिळाली, म्हणून १५ बाद. पण बाद झालं ते ‘सगळे अलग आहेत’ एवढंच. ‘पंधरा आहेत’ हे अजून शाबूत आहे.

आता x कडे नीट बघायचं. चार घटकांचा ग्रुप नेहमी क्रमनिरपेक्ष असतो, म्हणून x चं P मधल्या सगळ्यांशी जमतं आणि Q मधल्या सगळ्यांशीही. x शी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या घटकांचा सबग्रुप C घ्या. त्यात P आहे, म्हणून त्याची ऑर्डर ४ च्या पटीत. त्यात Q सुद्धा आहे, म्हणून ती ४ हून जास्त. ती ६० ला भागणारी हवी, म्हणून १२, २० किंवा ६०. ६० असेल तर x आणि एकक मिळून नॉर्मल सबग्रुप होतो. २० असेल तर इंडेक्स ३, चौकटीने बाद. म्हणून १२. पुन्हा इंडेक्स ५ मिळाला.

यावर एखादी चौकस मुलगी हटकून विचारते, “पण सर, A₅ मध्ये तर चार घटकांचे सबग्रुप पाचच आहेत. मग हे पंधरा आले कुठून?” कुठूनच नाही. A₅ मधला बारा घटकांचा कुठलाही सबग्रुप घ्या, तो चार वस्तूंच्या A₄ सारखा असतो, आणि त्यात चार घटकांचा सबग्रुप एकच असतो. आपल्या C मध्ये मात्र P आणि Q असे दोन आहेत. म्हणजे पंधराची शक्यता मुळात घडतच नाही. ती घडत नाही हे आधी दाखवायची गरज मात्र पडली नाही. ती खरी धरून चाललो तरी रस्ता इंडेक्स ५ पाशीच पोचला. तिचं खोटेपण नंतर, निष्कर्षातूनच कळलं.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक खराखुरा ग्रुप तपासू या. ० ते ४ हे अंक घ्या आणि सगळी बेरीज-गुणाकार ५ ने भागून उरणाऱ्या बाकीने करा. या अंकांच्या, डिटरमिनंट १ असलेल्या २ × २ मेट्रिक्स १२० आहेत. एखादी मेट्रिक्स आणि तिची ऋण मेट्रिक्स एकच मानली की ६० उरतात. हा ग्रुप PSL(2,5), आणि तो सिंपल आहे. तो सहजपणे हलवतो त्या वस्तू मात्र सहा: आरंभबिंदूतून जाणाऱ्या सहा रेषा. पाच कुठेच दिसत नाहीत. आपल्या सिद्धतेप्रमाणे त्या असायलाच हव्यात.

ऑर्डर २ चे घटक शोधू. x = [२ ०; ० ३] घ्या, अर्धविरामानंतरची दुसरी ओळ. वर्ग केला तर [४ ०; ० ४], म्हणजे ऋण एकक, आणि ते आपण एककच मानतो. x शी क्रमनिरपेक्ष असणारे घटक हाताने शोधले, तर एकक आणि x यांच्याशिवाय फक्त दोन मिळतात: y = [० १; ४ ०] आणि z = [० २; २ ०]. xy करून बघा, z येतो. म्हणजे x एकाच चौकडीत आहे: एकक, x, y, z. ऑर्डर २ चे घटक मोजले तर नेमके १५ भरतात, आणि कुठलाही घेतला तरी त्याची अशी एकच चौकडी. पंधरा भागिले तीन, चौकड्या पाच. हव्या होत्या त्या वस्तू याच.

त्यांना नावंही देता येतात. प्रत्येक चौकडीत [२ k; ० ३] या रूपाचा नेमका एक घटक असतो, k म्हणजे ० ते ४ पैकी एक. तोच त्या चौकडीचा क्रमांक. u = [१ १; ० १] ने कॉन्जुगेशन केलं तर [२ k; ० ३] चं [२ k+१; ० ३] होतं, म्हणजे पाचही चौकड्या एकेक घर पुढे सरकतात. x ने केलं तर k च्या जागी ४k येतो: ० जागच्या जागी, १ आणि ४ ची अदलाबदल, २ आणि ३ ची अदलाबदल. दोन अदलाबदली, म्हणजे सम. सिद्धतेत सांगितलं होतं तसंच. सहा रेषा हलवणाऱ्या अशा ग्रुपमध्ये पाच वस्तूही दडलेल्या असतात, हे गॅल्वाला ठाऊक होतं. २९ मे १८३२ ला, द्वंद्वयुद्धाच्या आदल्या दिवशी, ओग्युस्त शेव्हालियेला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलं, की p + १ वस्तूंवरून p वर उतरणं p = ५, ७ आणि ११ ला जमतं.

घटकांची संख्या कळली की सिंपल ग्रुप ओळखता येतो, असा नियम मात्र यातून काढू नये. २०१६० घटकांचे सिंपल ग्रुप दोन आहेत: A₈ आणि PSL(3,4). A₈ मध्ये पाच वस्तूंचं एक चक्र आणि उरलेल्या तिघांचं दुसरं चक्र एकत्र घेतलं तर ऑर्डर १५ चा घटक मिळतो. PSL(3,4) मध्ये ऑर्डर १५ चा एकही घटक नाही, म्हणून हे दोन ग्रुप एक नव्हेत. साठाला एकच उत्तर आलं, कारण ४, ३ आणि ५ या तीन अवयवांच्या हिशेबात सबग्रुपना पसरायला जागाच उरली नाही: ४५ घटक आधीच खर्ची पडले होते, आणि २, ३, ४ या इंडेक्सच्या वाटा चौकटीने बंद केल्या होत्या.