निरसन पद्धतीने निष्कर्षाची सिद्धता

मुलुंडहून अंधेरीला गेलेल्या एका प्रवाशाविषयी चार आधारविधाने घेऊ. त्याने दादरला किंवा घाटकोपरला गाडी बदलली. दादरला बदलली असेल तर त्याला उशीर झाला. घाटकोपरला बदलली असेल तर तो मेट्रोने गेला. त्याला उशीर झाला नाही. यावरून 'तो मेट्रोने गेला' हा निष्कर्ष निघतो का?

प्रथम 'जर–तर' विधाने विकल्परूपात मांडावीत: 'जर द तर उ' म्हणजे '~द ∨ उ'. मग निष्कर्षाचा निषेध आधारविधानांत मिळवावा.

१. द ∨ घ
२. ~द ∨ उ
३. ~घ ∨ म
४. ~उ
५. ~म (निष्कर्षाचा निषेध)
६. ~घ (३ व ५ वरून)
७. द (१ व ६ वरून)
८. उ (२ व ७ वरून)
९. रिक्त विधान (४ व ८ वरून)

प्रत्येक पायरीत एका विधानातील घटक आणि दुसऱ्यातील त्याचाच निषेध यांचे निरसन होते. उरलेले घटक एकत्र लिहावयाचे. शेवटी काहीच उरले नाही, म्हणजे व्याघात आला. म्हणून निष्कर्षाचा निषेध आधारविधानांशी विसंगत आहे व युक्तिवाद वैध आहे.

एका पायरीत एकाच जोडीचे निरसन करावे. 'द ∨ घ' व '~द ∨ ~घ' यांतून दोन्ही जोड्या एकदम खोडल्यास रिक्त विधान मिळाल्याचा भास होतो. वस्तुतः 'घ ∨ ~घ' एवढेच मिळते.

प्रवासी जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने बसने गेला असेल, तर पहिले आधारविधानच असत्य ठरेल. तरीही युक्तिवाद वैधच राहतो. निष्कर्षाच्या सत्यतेची हमी मात्र उरत नाही.