डोंगर की दरी?

अकरावीच्या जीवशास्त्राचे पेपर तपासताना एक आलेख दर वर्षी भेटतो, आणि त्याचं ठरलेलं चुकीचं उत्तरही. आडव्या अक्षावर तापमान असतं. रेषा उंचावरून खाली येते, ४० अंशांपाशी तळ गाठते आणि पुन्हा वर चढते. प्रश्न एवढाच, की हे एन्झाइम कोणत्या तापमानाला सर्वांत जोरात काम करतं? बरीच मुलं १० किंवा ६० अंश लिहून मोकळी होतात, कारण रेषा तिथे उंच दिसते. त्यांना डोंगर पाठ असतो आणि समोर आलेली असते दरी. उभ्या अक्षावर ‘वेग’ लिहिलेलाच नसतो, तिथे असतं ‘लागलेला वेळ’.

एन्झाइम म्हणजे पाठ्यपुस्तकातलं विकर. शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारं, बहुतेक वेळा प्रथिनाचं बनलेलं असतं. ज्या पदार्थावर ते काम करतं त्याला सब्स्ट्रेट म्हणतात. आपल्या लाळेतलं अमायलेज हे असंच एक एन्झाइम, आणि स्टार्च हा त्याचा सब्स्ट्रेट. भाताचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, ते याच्यामुळे.

वरचा दरीसारखा आलेख कुठून येतो ते पाहायचं तर प्रयोगशाळेच्या टेबलापाशीच उभं राहावं लागतं. चूळ भरून, थोडी लाळ घेऊन ती पाण्यात पातळ करतात. एका नळीत लाळ, दुसरीत स्टार्चचं पातळ द्रावण. दोन्ही नळ्या हव्या त्या तापमानाच्या पाण्यात पाचेक मिनिटं वेगवेगळ्या ठेवायच्या आणि मगच एकत्र करायच्या. नाहीतर पहिली काही मिनिटं द्रावण नुसतं तापण्यात जातात. पांढऱ्या टाइलच्या खाचांमध्ये आयोडिनचा एकेक थेंब आधीच टाकून ठेवलेला असतो. दर अर्ध्या मिनिटाने नळीतला एक थेंब त्यात सोडायचा. स्टार्च शिल्लक असेल तर निळा-काळा रंग येतो, संपला असेल तर आयोडिनचा पिवळसर तपकिरी रंग तसाच राहतो. निळं येणं थांबलं, तो वेळ टिपायचा.

समजा प्रश्नात दिलेली मापं अशी आहेत: १० अंशांना १६ मिनिटं, २० ला ८, ३० ला ४, ४० ला २, ५० ला ५, ६० ला २०. ७० अंशांना अर्ध्या तासानंतरही रंग निळाच. हे वेळ जसेच्या तसे मांडले की दरी तयार होते. वेग हवा असेल तर १ ला त्या वेळाने भागायचं. मग १० अंशांना ०.०६ च्या आसपास, २० ला ०.१२५, ३० ला ०.२५, ४० ला ०.५, ५० ला ०.२ आणि ६० ला ०.०५. दरीचा डोंगर झाला. ७० अंशांचं काय? तिथे वेळच मिळालेला नाही, म्हणून त्या जागी ३० हा आकडा लिहायचा नाही. ‘अर्ध्या तासात काम संपलं नाही’ एवढंच म्हणता येतं. वेगाच्या आलेखात तो बिंदू शून्याला चिकटून जातो, वेळेच्या आलेखात त्याला जागाच नसते.

आता डोंगराच्या दोन उतारांकडे बघा. डावीकडे दर १० अंशांमागे वेग दुप्पट होतो आहे. उष्णतेने रेणूंची धावपळ वाढते, स्टार्च आणि अमायलेज जास्त वेळा आणि जास्त जोराने एकमेकांवर आदळतात. उजवीकडचा उतार त्याहून उभा आहे आणि त्याची गोष्टही वेगळी आहे. तिथे अमायलेजची घडीच उसवते. प्रथिनाची लांब साखळी ठरावीक रीतीने दुमडलेली असते आणि त्या दुमडण्यातूनच स्टार्च धरायची खाच तयार होते. उष्णता फार झाली की ही घडी धरून ठेवणारे नाजूक बंध सुटतात आणि खाच नाहीशी होते. याला डिनेचर होणं म्हणतात. अंडं उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, त्यातही हाच प्रकार असतो.

म्हणून १० अंश आणि ६० अंश इथे वेग जवळपास सारखा दिसला तरी दोन्ही नळ्या सारख्या नाहीत. ताळा करणं सोपं आहे. थंड नळीतली लाळ ४० अंशांवर आणा, ती झपाट्याने कामाला लागते. उकळलेली लाळ कितीही निवांत ४० वर आणा, आयोडिन निळंच राहतं. ‘थंडीमुळे एन्झाइम नष्ट झालं’ असं उत्तरपत्रिकेत दिसलं की मी गुण कापतो. थंडीत ते मरगळतं, नष्ट होत नाही.

प्रयोगाच्या या भागात एक खोडी दडलेली आहे. घाई करून आयोडिन थेट गरम नळीत टाकलं, तर स्टार्च असूनही निळा रंग उमटत नाही, कारण उष्णतेत स्टार्च आणि आयोडिनची जोडी सुटते. मग ७० अंशांना अमायलेजने क्षणात काम उरकलं, असा विलक्षण निष्कर्ष निघतो. नळी थंड केली की रंग परत येतो. थेंब टाइलवर घ्यायचा तो म्हणूनच. तिथे तो लगेच निवतो. शेजारी लाळेऐवजी नुसतं पाणी घातलेली एक नळी ठेवली तर ही फसगत तिथल्या तिथे उघडी पडते.

इष्टतम तापमान, म्हणजे डोंगराचं टोक, हे एन्झाइमच्या कपाळावर कोरलेलं नसतं. नळ्या पाच मिनिटांऐवजी तासभर गरम पाण्यात ठेवल्या तर घडी उसवायला जास्त वेळ मिळतो आणि टोक डावीकडे सरकतं. मुलांना ३७ हा आकडा इतका पाठ असतो, की आलेखात टोक ४५ वर दिसत असलं तरी ती ३७ लिहितात. समोर जे दिसतं ते लिहावं.

आम्लतेचा आलेखही डोंगरच, पण बहुधा दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा. आडव्या अक्षावर पीएच, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या माती परीक्षणाच्या अहवालात येतो तो सामू. ही मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये मांडली, आणि तीही एन्झाइमांचा अभ्यास करतानाच. या अक्षावरची गोम अशी, की एक घर म्हणजे आम्लतेत दहापट फरक. पीएच ७ वरून ५ वर आलो तर कागदावर दोन घरं, प्रत्यक्षात आम्लता शंभरपट. अमायलेजचं टोक पीएच ७ च्या जरा अलीकडे असतं, जठरातल्या पेप्सिनचं २ च्या आसपास, आतड्यातल्या ट्रिप्सिनचं ८ च्या जवळ. एकाच कागदावर तीन डोंगर काढले तर पेप्सिनचा आणि अमायलेजचा पायथा जेमतेम एकमेकांना लागतो. घास गिळल्यावर जठरातल्या आम्लात अमायलेज थंडावतं, ते या दोन डोंगरांमधल्या अंतरामुळे.

इथे उतरण कशामुळे? खाचेच्या आतल्या काही अमिनो आम्लांवर विद्युतभार असतो, आणि त्याच्या ओढीनेच सब्स्ट्रेट नीट बसतो. आम्लता बदलली की हे भार बदलतात. टोकाच्या जवळपास हा बदल परतवता येतो. फार दूर गेलं की घडीच मोडते. नुसता आलेख पाहून यांतलं काय झालं ते कळत नाही, पुन्हा मूळ पीएचवर आणूनच बघावं लागतं. आणि आयोडिन इथेही दगा देतं. द्रावण चांगलंच अल्कधर्मी असेल तर त्या अल्कलीनेच आयोडिनचा रंग उडतो आणि स्टार्च संपल्याचा भास होतो. पीएच ११ ला अचानक दुसरं टोक दिसलं तर आधी पाण्याची नळी तपासावी.

तिसरा आलेख डोंगर नाहीच. सब्स्ट्रेटचं प्रमाण वाढवत नेलं की वेग आधी भराभर चढतो, मग चढ मंदावतो आणि रेषा पठारासारखी होते. लग्नघरात एक बाई पोळ्या लाटते आहे असं समजा. कणकेचे गोळे एकेक करून येत असतील तर तिचा वेळ वाट बघण्यात जातो. गोळे दुप्पट आले की पोळ्याही जवळपास दुप्पट. पण समोर गोळ्यांची रास लागली की तिच्या हाताचा वेग हीच मर्यादा. आणखी गोळे ठेवून काही होत नाही, दुसरं पोळपाट मांडावं लागतं.

या रेषेचं गणित लिओनोर मिकाएलिस आणि कॅनडाच्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये बर्लिनमधून प्रसिद्ध केलं; त्यांचं एन्झाइम होतं साखर फोडणारं इन्व्हर्टेज. समजा कमाल वेग ६० आहे आणि सब्स्ट्रेट ४ एकक असताना वेग त्याच्या निम्मा, म्हणजे ३० होतो. मग सूत्राप्रमाणे १ एककाला वेग १२ येतो, २ ला २०, १२ ला ४५ आणि ३६ ला ५४. चारवरून छत्तीसवर, म्हणजे सब्स्ट्रेट नऊपट केला आणि वेग दुप्पटही झाला नाही. ३६ ला सुद्धा ६० गाठलेले नाहीत. पुस्तकातली सपाट रेषा ही चित्रकाराची सोय आहे. खरी रेषा चढतच असते, फक्त डोळ्याला जाणवत नाही.

एन्झाइम दुप्पट घातलं तर? प्रत्येक ठिकाणचा वेग दुप्पट होतो: १ ला २४, ४ ला ६०, ३६ ला १०८. पठार १२० कडे सरकतं, पण निम्मा वेग मिळतो तो ४ वरच. हा आकडा एन्झाइम किती घातलं यावर ठरत नाही, ते सब्स्ट्रेटला किती सहज पकडतं यावर ठरतो. तो जितका लहान, तितकी पकड घट्ट.

आता शेवटची फसगत, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. असाच चढून सपाट होणारा आणखी एक आलेख प्रश्नपत्रिकेत येतो. त्याच्या आडव्या अक्षावर सब्स्ट्रेटचं प्रमाण नसतं, वेळ असतो. उभ्यावर वेग नसतो, तयार झालेल्या साखरेचं प्रमाण असतं. आकार तोच, म्हणून मुलं लिहितात, ‘सर्व एन्झाइम कामात गुंतलेली आहेत.’ खरं तर इथे उलटं घडलेलं असतं. वेग म्हणजे या रेषेचा चढ, आणि रेषा आडवी झाली याचा अर्थ वेग शून्य. बहुधा स्टार्च संपलेला असतो. पण नळी ६० अंशांवर असेल तर स्टार्च शिल्लक असतानाच अमायलेज संपलेलं असू शकतं, आणि रेषेवरून हा फरक ओळखू येत नाही. त्यासाठी नळीत ताजा स्टार्च घालायचा. रेषा पुन्हा चढू लागली तर एन्झाइम शाबूत होतं. आडवीच राहिली तर त्याची घडी उसवली होती.