कंपनीचा पत्ता बदलताना

आय-व्हेन इंटरॅक्टिव्ह या मुंबईच्या कंपनीच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. छोट्या कंपनीच्या प्रत्येक मालकाने तो माहीत करून घ्यावा असा आहे. प्राप्तिकर खात्याने विवरणपत्राच्या तपासणीची नोटीस पॅनच्या नोंदीतल्या पत्त्यावर पाठवली होती. कंपनी तिथून हलली होती. नोटीस मुदतीत मिळाली नाही, म्हणून करआकारणी रद्द व्हावी, असे तिचे म्हणणे होते आणि उच्च न्यायालयापर्यंत ते मान्यही झाले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते फिरवले. विवरणपत्रात नवा पत्ता लिहिला किंवा कंपनी निबंधकाकडे बदलाचा फॉर्म भरला, एवढ्याने प्राप्तिकर अधिकाऱ्याला पत्ता कळवला असे होत नाही. पॅनची नोंद बदललेली नसेल आणि अधिकाऱ्याला वेगळे कळवलेले नसेल, तर जुन्या पत्त्यावरची नोटीस योग्यच ठरते.

पत्ता बदलताना हीच गोष्ट सर्वांत जास्त लोकांच्या नजरेतून निसटते. कंपनी निबंधक, जीएसटी, प्राप्तिकर आणि बँक यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. एका ठिकाणी केलेला बदल आपोआप दुसऱ्या ठिकाणी पोहोचेल असे धरून चालता येत नाही. प्रत्येकाची मुदतही वेगळी असते.

एक उदाहरण घेऊ. यंत्रांचे सुटे भाग विकणारी दोन संचालकांची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी पुण्याच्या सदाशिव पेठेतून चाकणला जाते आहे. नव्या जागेत कामकाज १ सप्टेंबरपासून सुरू व्हायचे आहे. ती पुणे शहरातच कोथरूडला गेली असती तर संचालक मंडळाचा ठराव पुरला असता. चाकण शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत. भागधारकही ते दोघेच असले तरी सभा रीतसर घ्यावी लागते आणि तिच्या सूचनेला पूर्ण २१ दिवस द्यावे लागतात. सर्वांची संमती असेल तर कमी मुदतीत सभा घेता येते. समजा, ही सभा ३० ऑगस्टला झाली. ठराव निबंधकाकडे MGT-14 या फॉर्ममध्ये ३० दिवसांत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत जायला हवा. पत्ता बदलल्याची सूचना INC-22 मध्ये द्यायची, तिलाही बदलाच्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. आधी MGT-14 भरावा, कारण INC-22 मध्ये त्याचा क्रमांक मागतात. मुदत चुकली तर कायद्यात कंपनीला आणि जबाबदार पदाधिकाऱ्यांना दिवसाला १,००० रुपये दंड सांगितला आहे. तो जास्तीत जास्त १ लाखापर्यंत जातो.

INC-22 सोबत भाडेकरार, मालकाचे ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज किंवा टेलिफोन बिल लागते. इमारतीचा बाहेरून एक फोटो आणि कार्यालयाच्या आतला एक फोटो जोडायचा असतो. आतल्या फोटोत फॉर्मवर डिजिटल सही करणारा संचालक दिसला पाहिजे. म्हणून टेबल-खुर्च्या येण्याआधीच फॉर्म उरकण्याची घाई करू नये. दारावर कंपनीचे नाव व नोंदणीकृत पत्ता लावावा लागतो. तो स्थानिक भाषेत, म्हणजे चाकणला मराठीतही हवा. लेटरहेड आणि बिलांवरचा पत्ताही बदलावा लागतो.

आता जीएसटी. इथे ३० नव्हे, १५ दिवस मिळतात. म्हणजे आपल्या कंपनीला १६ सप्टेंबरपर्यंत अर्ज करायचा आहे. निबंधकाकडचे काम संपवून मग जीएसटीकडे वळू म्हणणाऱ्याची मुदत हमखास निघून जाते. पोर्टलवर लॉगिन केल्यावर Services, Registration, Amendment of Registration Core Fields असा मार्ग आहे. मुख्य व्यवसायस्थळ हा महत्त्वाच्या नोंदींत मोडतो, त्यामुळे अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तो बदलत नाही. त्याला शंका आली तर तो नोटीस काढतो आणि उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. ही नोटीस पोर्टलवर येते, म्हणून अर्ज केल्यानंतर रोज एकदा तिथे डोकवावे.

शंका बहुतेक वेळा कागदांच्या विसंगतीतून येते. भाडेकरारात मालक म्हणून मुलाचे नाव आणि वीजबिलावर अजून वडिलांचे, हे आपल्याकडे घरोघरी सापडते. करारात गट क्रमांक असतो आणि बिलात फक्त रस्त्याचे नाव. करार करण्याआधीच मालकाकडून वीजबिल मागून घ्यावे आणि पत्ता अक्षरशः एकसारखा लिहून घ्यावा. नाव वेगळे असेल तर मालकी दाखवणारी मालमत्ता कराची पावती किंवा सातबारा जोडावा. भाडेकरार नोंदणीकृतच असू द्या. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो तसा असावाच लागतो.

माल हलवण्याबाबत माझा आग्रहाचा सल्ला असा, की चाकणची जागा आधी अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून जोडून घ्यावी आणि मंजुरी आल्यावरच माल उचलावा. माल आपलाच आणि जीएसटी क्रमांकही तोच, त्यामुळे या वाहतुकीवर कर लागत नाही. तरी डिलिव्हरी चलन लागते, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांहून अधिक किमतीचा माल असेल तर ई-वे बिलही लागते. नोंदणीत नसलेल्या गोदामात माल सापडला, तर तो कुणाचा आणि का ठेवला हे सिद्ध करत बसावे लागते. नवी जागा मंजूर होईपर्यंत जुनी सोडू नये. एका महिन्याचे जादा भाडे त्या त्रासापेक्षा स्वस्त पडते.

हीच कंपनी पणजीला गेली असती तर जीएसटी क्रमांकच नवा घ्यावा लागला असता, कारण त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. निबंधकाकडेही प्रादेशिक संचालकांची परवानगी लागून ते प्रकरण लांबते.

प्राप्तिकराकडे दोन स्वतंत्र अर्ज करायचे, एक पॅनच्या नोंदीतल्या बदलाचा आणि दुसरा टॅनचा. पॅन कार्डावर पत्ता छापलेला नसतो, म्हणून हे काम मागे राहते. ई-फायलिंग पोर्टलवरची संपर्काची माहितीही बदलावी. आपल्या करआकारणी अधिकाऱ्याला पत्र द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. आय-व्हेनच्या खटल्यात अशी पोच असती तर चित्र वेगळे दिसले असते.

बँक शेवटी येते, कारण तिला बाकीचे कागद तयार हवे असतात: ठराव, INC-22 ची पावती, जीएसटीचे नवे प्रमाणपत्र आणि खाते चालवणाऱ्यांच्या सह्यांचे पत्र. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार कागदपत्रांतला बदल ३० दिवसांत बँकेला कळवायचा असतो. मात्र कंपनीने मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट घेतले असेल तर बँकेकडे शेवटी नव्हे, सर्वांत आधी जावे. तारण माल कुठे ठेवला आहे हे कर्जाच्या करारात लिहिलेले असते, त्यामुळे माल हलवण्याआधी बँकेची लेखी संमती घ्यावी.

त्याच दिवशी विमा कंपनीलाही गाठावे. मालाचा आगीचा विमा पॉलिसीत लिहिलेल्या जागेपुरता असतो. माल चाकणला आणि पॉलिसीत सदाशिव पेठ, अशा स्थितीत आग लागली तर दावा नाकारला जाऊ शकतो, बँकेचे कर्ज मात्र तसेच उभे राहते. पॉलिसीवर नव्या पत्त्याची पुरवणी नोंद करून घ्यावी. माल दोन्हीकडे असेल तेवढे दिवस दोन्ही पत्ते पॉलिसीत असू द्यावेत आणि ही नोंद हातात आल्यावरच पहिला ट्रक भरावा.