‘कोणी इंटरेस्टेड आहे का?’

तिसऱ्या वर्षाच्या बॅच ग्रुपवर मेसेज पडतो, ‘हॅकेथॉनला टीम हवीय, कोणी इंटरेस्टेड?’ दहा अंगठे उमटतात, चौघं ‘मी पण’ लिहितात. आठवड्याने कळतं की त्या चौघांनाही वेबसाइटच बनवता येते आणि सर्किटला हात लावणारं कोणीच नाही.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचंच बघा. २०१७ पासून चालणाऱ्या या स्पर्धेत टीम सहाजणांची लागते. सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक मुलगी. आधी कॉलेजातली फेरी, तिथून पुढे. मुलीचं नाव शेवटच्या दिवशी यादीत घुसडायची खोड बऱ्याच टीमना असते. त्यापेक्षा नियम मेसेजमध्ये उघड लिहावा, आणि जागेपुढे काम लिहावं.

समजा, कांदाचाळीतली आर्द्रता मोजून शेतकऱ्याच्या फोनवर इशारा पाठवायचा आहे. कॉम्प्युटरच्या चौघा मुलांनी असा मेसेज टाकावा:

‘हार्डवेअर गटात उतरतोय. अ‍ॅप आणि सर्व्हर आमच्याकडे आहे. दोन जागा आहेत. एक, ईएसपी ३२ ला सेन्सर जोडून रीडिंग घेतलेलं कोणी. दुसरी, शेतकऱ्यांशी बोलून अ‍ॅपच्या स्क्रीन आखेल आणि परीक्षकांपुढे मांडेल असं कोणी. नियमाप्रमाणे दोघांत एक तरी मुलगी हवी; जागा कुठलीही चालेल. तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ ते ८. कॉलेजची फेरी शनिवारी, दिवसभर. पुढे गेलो तर पाच दिवस बाहेरगावी. गुरुवारी रात्री ८ पर्यंत मला पर्सनलवर तीन गोष्टी पाठवा: ब्रँच, स्वतः केलेल्या एका कामाचा फोटो किंवा लिंक, आणि कोणत्या दिवशी जमणार नाही ते.’

यातले पाच दिवस महत्त्वाचे. सॉफ्टवेअरची अंतिम फेरी ३६ तासांची असते, हार्डवेअरची मात्र पाच दिवस चालते. ‘३६ तासच तर आहेत’ असं ऐकून आलेला मुलगा सबमिशनच्या आठवड्यात पाच दिवस बाहेर राहायचं म्हटल्यावर काढता पाय घेतो. त्याला दोष कसा देणार?

तिसरा प्रश्नही साधा वाटतो, पण खरी चाळणी तोच. ‘मी कधीही मोकळा आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘बुधवारी क्लास असतो, साडेसातनंतर येईन’ म्हणणारी मला जास्त भरवशाची वाटते. तिने निदान वेळापत्रक उघडून पाहिलंय.

अडचण एकच: कॉम्प्युटरच्या बॅच ग्रुपवर सेन्सरवाले भेटणार कुठून? मेसेज इलेक्ट्रॉनिक्सच्या सीआरकडे पाठवावा आणि त्यांच्या ग्रुपवर टाकायला सांगावा. आलेल्यांशी दहा मिनिटं फोनवर बोलावं; ग्रुपवर निवड करायला गेलं की मैत्री आडवी येते. सेन्सरवाल्याला ‘रीडिंग अचानक शून्य यायला लागलं तर आधी काय बघशील?’ एवढं विचारावं. ज्याने खरंच जोडणी केलीय, तो वायर आणि पुरवठा तपासायचं बोलतो.

जागा भरल्या की त्याच ग्रुपवर ‘टीम पूर्ण’ लिहून टाकावं, आणि ज्यांना घेता आलं नाही त्यांना वेगळं कळवावं. ते अजून दुसऱ्या टीममध्ये जाऊ शकतात.