आकडा आधी, डिझाइन नंतर

फ्रीलान्स डिझायनरच्या पोर्टफोलिओत सुंदर चित्रं भरपूर असतात, पण ग्राहकाला हवं असतं ते कामाचं कारण आणि फळ. समजा, घरगुती फराळ विकणाऱ्या एका उद्योगाचा ऑर्डर फॉर्म तुम्ही नव्याने केलात. ‘फॉर्म जुनाट होता’ ही समस्या नव्हे. ‘फॉर्म उघडणाऱ्या १०० जणांपैकी ४० जणच ऑर्डर पूर्ण करत होते’ ही समस्या. हा आकडा काम सुरू करण्याआधीच मागून घ्यावा, नंतर तो सहसा मिळत नाही.

पद्धत सांगताना रंग-फॉन्टपेक्षा निर्णय लिहा: अर्धवट सोडणाऱ्यांना फोन केल्यावर कळलं, की डिलिव्हरीचा खर्च शेवटी दिसल्याने ते बिचकत होते, म्हणून तो पहिल्याच पानावर आणला. नाकारलेला एखादा पर्यायही दाखवा, त्यातून तुमची विचारपद्धत कळते.

निकालात मात्र जपून. ४० चे ५५ झाले, पण मोजणी दिवाळीच्या आठवड्यातली असेल तर श्रेय सणाचंही आहे. तुलना गेल्या दिवाळीशी करा, कालावधी लिहा आणि आकडे छापण्याआधी ग्राहकाची लेखी परवानगी घ्या.