तूप जर्मनीला जात नाही!

परदेशी शिकायला निघालेल्या कुणाचीही बॅग भरताना बघा. घरात दोन पार्ट्या पडतातच. एक पार्टी वजनकाट्यावर उभी, ‘तेवीस किलोच्या वर एक ग्रॅम नाही’ म्हणणारी. दुसरी पार्टी स्वयंपाकघरात, पिशव्यांना मेणबत्तीने सील मारत बसलेली. आमच्याकडे गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, धाकटा भाऊ मास्टर्ससाठी जर्मनीत आखेनला गेला, तेव्हा दुसऱ्या पार्टीची अध्यक्ष अर्थातच आजी होती. वय वर्षं ८१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मुक्काम पोस्ट कोथरूड. आणि तिच्या अजेंड्यावरचा पहिला आयटम होता दोन किलो साजूक तूप.

आता हे तूप म्हणजे साधं प्रकरण नाही. रोजच्या दुधाची साय, तिला विरजण, आठवड्याने ताक घुसळायचं, लोणी चार पाण्यांनी धुवायचं, मग कढवायचं. दोन किलो तूप जमायला आजीचे अडीच-तीन महिने गेले होते. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायच्या आधीपासून तिचं फ्रीजमध्ये लोणी साठवणं चालू होतं.

आणि निघायच्या आठ दिवस आधी भावाने बॉम्ब टाकला. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तान्ह्या बाळांची दूध पावडर वगैरे थोडे अपवाद आहेत, पण आजीचं तूप त्यात बसत नाही. पेढे, बर्फीही नाही. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे आणि कस्टम्सला सापडलं तर बरणी तिथेच जप्त होते. (अमेरिकेचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे ‘आमच्या चिंटूने तर नेलं होतं’ हे सांगणाऱ्या मावश्यांकडे दुर्लक्ष करा.)

आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘बरं’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर ती चष्मा लावून टेबलाशी बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने फुलस्केपची तीन पानं लिहून काढली. तूप जात नाही ना, मग तुपाची अक्कल जाईल, असा एकंदर हिशोब.

भावाच्या आणि तिच्या परवानगीने मी ते पत्र वाचलंय, आणि त्यातला काही भाग इथे देतेय. कारण अशा निरोपाच्या पत्रात काय असतं, याबद्दल आपली एक फिल्मी कल्पना असते. डोळ्यांत पाणी, ‘मोठा हो बाळा’ टाइप. आजीच्या पत्रात ‘मोठा हो’ कुठेच नाही.

सुरुवात मात्र एकदम क्लासिक. वर मधोमध ‘॥ श्री ॥’, उजवीकडे गाव आणि तारीख, मग ‘चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.’ हे ‘वि. वि.’ म्हणजे ‘विनंती विशेष’. भावाला वाटलं, आजीने कुणाची तरी इनिशियल्स टाकलीत! आपल्या पिढीने मेल लिहिले, मेसेज लिहिले, पण पत्राचा हा साचा आपल्या हातून कधी गेलाच नाही. आजीला तो साचा सोयीचा वाटतो. मायन्याने कोण कुणाला लिहितंय ते ठरतं आणि मग थेट मुद्द्यावर येता येतं. तिचा मुद्दा दुसऱ्याच ओळीत आला:

‘लोणी घेताना बिनमिठाचे घे. मिठाचे घेतलेस तर मीठ बेरीत उतरते आणि बेरी टाकून द्यावी लागते. तिकडे आंबवलेल्या सायीचे लोणी मिळते का ते दुकानात विचार. मिळाले तर तेच घे. गोड्या सायीच्या लोण्याचे तूप होते, पण त्याला आपला वास येत नाही.’

इथे मी थक्क झाले. कारण जर्मनीत बटरचे खरंच असे प्रकार असतात. गोड्या क्रीमचं ते ‘झ्यूसराम’, आणि विरजलेल्या क्रीमचं ते ‘झाउअरराम’. पाकिटावर तसं छापलेलंच असतं. आजी पुण्याबाहेर फार तर काशीपर्यंत गेलेली. पण साय विरजली की वास बदलतो, एवढं तिला पक्कं माहीत होतं, आणि जगात कुठेतरी हे आणखी कुणाला सुचलं असणार, असं तिने गृहीत धरलं.

पुढची कृती पाऊण पान आहे. गंमत म्हणजे त्यात मिनिटं जवळजवळ नाहीतच, सगळं कानावर आणि नाकावर आहे. जाड बुडाचं भांडं, मंद आच. आधी लोणी वितळेल, मग मोठे बुडबुडे येऊन तडतड आवाज येईल. ‘हे त्यातले पाणी बोलते आहे. ते बोलते तोवर तूप झालेले नाही.’ आवाज हळूहळू कमी होतो, बुडबुडे बारीक होतात, वर पांढरा फेस येतो. आवाज जवळजवळ बंद झाला की फेस चमच्याने बाजूला सारून तळ बघायचा. बेरी बदामी दिसली की काम झालं. पाणी राहिलं तर तुपाला आठवड्या-दोन आठवड्यांत खवट वास येतो, आणि बेरी काळी झाली तर तुपालाच जळका. कढवताना आजी विड्याचं पान टाकते. त्याबद्दल तिने लिहिलंय, ‘पान मिळाले नाही तर शोधत हिंडू नकोस.’

आजीला एक गोष्ट माहीत नव्हती, ती तिकडच्या शेगडीची. हॉस्टेलमध्ये काचेची इलेक्ट्रिक हॉटप्लेट आहे. गॅस बंद केला की आच संपते, हॉटप्लेट बंद केली तरी ती बराच वेळ तापलेली राहते. त्यामुळे बदामी रंग दिसल्यावर बटन बंद करून भागत नाही, भांडंच उचलून बाजूला ठेवावं लागतं. हे भावाला पहिल्या प्रयत्नात कळलं. पाव किलो बटरमध्ये साधारण ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप मिळायला हवं. त्याला मिळालं कॉफीच्या रंगाचं काहीतरी. शिवाय जर्मनीत झोपायच्या खोल्यांत स्मोक डिटेक्टर बसवणं कायद्याने सक्तीचं आहे. त्याचं स्वयंपाकाचं कपाट खोलीतच, त्यामुळे अख्ख्या मजल्याला त्याच्या तुपाची खबर लागली.

तूप कशासाठी, तर मेतकूट-भातासाठी. मेतकूट सामानात गेलं, कारण त्यात दूध नाही. हरभऱ्याची डाळ, तिच्या निम्मे तांदूळ, पाव भाग उडदाची डाळ, मूठभर गहू, थोडे मेथीदाणे, जिरे, सुंठ, हळद, हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, तेल न घालता. एकत्र भाजले तर डाळ कच्ची राहते तोवर मेथी जळून कडू होते. पत्रात आहे, ‘आजारी पडलास, घरची आठवण आली किंवा पैसे संपले, तिन्हीला मऊ भात, मेतकूट, तूप.’ पैसे संपण्याचा उल्लेख उगाच नाही. जर्मन स्टुडंट व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि दर महिन्याला त्यातले ९९२ युरोच काढता येतात. त्या खात्यात आजीची मोडलेली एक एफडी आहे. पत्रात तिने तिचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही.

आणि मग तिसरं पान.

‘आता माझ्याविषयी. माझे वय ८१ आहे. तुझा अभ्यास दोन वर्षांचा. मध्ये मला काही झाले तर तुला त्याच दिवशी कळवायचे, असे मी तुझ्या बाबांना सांगितले आहे. परीक्षा आहे म्हणून लपवायचे नाही. १९६८ साली माझे वडील गेले, तेव्हा मी बाळंतीण होते म्हणून मला तार केली नाही. मला बाविसाव्या दिवशी कळले. घरातले सगळे रडून मोकळे झाले होते आणि मी एकटी रडत होते. तसे तुझे व्हायला नको.’

हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना, म्हणजे त्या बाळंतपणातल्या बाळालाही, नाही.

पुढे तिने सगळं व्यवहारी भाषेत लिहिलंय. तिला बर्फात ठेवून कुणाची वाट बघायची नाही. फ्रँकफुर्टहून मुंबई आठ-नऊ तासांची, पण तिकीट मिळून घरी पोचेपर्यंत दीड-दोन दिवस जाणार, तेव्हा धावत यायचं नाही. परीक्षा असेल तर द्यायची. नसेल आणि तिकीट परवडत असेल, तर तेराव्यापर्यंत सवडीने ये. तिकडे सुतक पाळायचं नाही. ‘दहाव्याला तू नाहीस म्हणून कावळा शिवायचा थांबणार नाही. नाहीच शिवला तर दर्भाचा करतात, त्याची सोय आहे.’

बाबांना हे पान मुळीच आवडलं नाही. निघतानाच्या मुलाच्या हातात असलं काही द्यायचं नसतं, अपशकुन असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातून पितृपक्ष चालू. त्यांनी ते पान काढून ठेवायला सांगितलं. खरं सांगू? बाबांची बाजू मला कळत होती. एअरपोर्टला निघालेल्या तेवीस वर्षांच्या मुलाने हे का वाचायचं? पण आपल्या ओळखीत अशी दोन-तीन उदाहरणं असतातच, ज्यांना सेमिस्टर संपल्यावर कळलं. त्यातली माझी एक मैत्रीण अजून घरच्यांशी नीट बोलत नाही. म्हणून मी आजीच्या पार्टीत.

आजीने वाद घातलाच नाही. ‘पत्र माझं आहे, पानं तीनच जातील,’ एवढंच म्हणाली. गेली तीनच. निघताना दही-साखर तिने हातावर ठेवली, आणि भाऊ ‘जातो’ म्हणाला तेव्हा त्याच्याकडून ‘येतो’ म्हणवून घेतलं. अपशकुनाबाबत तिचेही काही नियम आहेत म्हणायचे.

भावाने तिसरं पान विमानात वाचलं. त्यावर तो आजीशी काही बोलला नाही, पण आखेनला पोचल्यावर आठवड्याभरात त्याने बाबांना फोन करून एवढंच विचारलं, ‘सांगाल ना?’ बाबा ‘हो’ म्हणाले. मी शेजारी होते.

पत्राच्या शेवटी ता. क. आहे: ‘पहिले तूप बिघडेल. दुसऱ्याचा फोटो पाठव.’ दुसरं तूप नोव्हेंबरात झालं, झाउअररामचं, रवाळ, पिवळंधमक. बरणीचा आणि भांड्याच्या तळाचा असे दोन फोटो आले. आजीने फोन डोळ्यांजवळ नेऊन, मोठा करून दोन्ही बघितले. मग मला मेसेज टाइप करायला सांगितला: ‘बेरी अजून अर्धा मिनिट लाल झाली आहे. पण खा. बेरीत साखर घालून खा, टाकू नकोस.’