नफा नेमका कशावर हलतो?

समजा, शहाड स्थानकाजवळ पोळी-भाजी केंद्र काढायचं आहे. मूळ अंदाज असा: रोज 90 थाळ्या, महिन्याला 26 दिवस, थाळीचा भाव 60 रुपये, कच्चा माल 35 रुपये, भाडं-पगार 45,000. नफा 13,500 रुपये.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक आकड्याचे तीन पर्याय C, D, E या स्तंभांत लिहा: उत्तम, मूळ, वाईट. B1 मध्ये 1, 2 किंवा 3 टाकला की B2 मध्ये त्या पर्यायातला आकडा येतो:

```
=CHOOSE($B$1,C2,D2,E2)
```

हेच सूत्र खालच्या ओळींत उतरवा. 110 थाळ्या आणि 33 रुपयांचा माल धरला, तर नफा 32,220. 70 थाळ्या आणि 38 रुपयांचा माल धरला, तर 4,960 रुपये तोटा. B1 बदलूनही नफा हलला नाही, तर सूत्रात कुठेतरी थेट आकडा लिहिला गेला आहे.

पण तोटा कशामुळे झाला, हे यातून कळत नाही. त्यासाठी मूळ अंदाजातला एकेक आकडाच 10 टक्क्यांनी बिघडवा. थाळ्या घटल्या तर नफा 7,650 उरतो, माल महागला तर 5,310. भाव 54 वर आला, तर मात्र 540 रुपये तोटा! गिऱ्हाईक कमी होण्यापेक्षा सवलत देणं इथे महाग पडतं, कारण थाळी कमी विकली तर तिचा मालही वाचतो; सवलतीत काहीच वाचत नाही.

मर्यादा एकच: भाव आणि मागणी एकमेकांना बांधलेली असतात. सवलतीने थाळ्या वाढतीलही. पण 54 रुपयांत तोच नफा मिळवायला रोज 119 थाळ्या विकाव्या लागतील.